‘लक्षणीय सुधारणा’ खोडली तेव्हा

एप्रिल लागला की आमच्या कारखान्यात दोन गोष्टी हमखास येतात, 42 डिग्रीचं ऊन आणि स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग विभाग सांभाळते. अकरा वर्षं झाली. त्यातली दहा वर्षं मी हा फॉर्म जेवणाच्या सुट्टीत भरत आले, कारण मागच्या वर्षीचा समोर ठेवून उतरवून काढायला पंधरा मिनिटं पुरतात.

या वेळी फॉर्म परत आला. जीएम साहेबांनी ‘प्रमुख कामगिरी’च्या चौकोनात पेन्सिलीनं एका शब्दाखाली रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘म्हणजे किती?’

रेघ ‘लक्षणीय’ या शब्दाखाली होती. माझं वाक्य असं होतं: ‘वर्षभर प्रामाणिकपणे व जबाबदारीने काम करून गुणवत्तेत लक्षणीय सुधारणा घडवून आणली, तसेच टीमला वेळोवेळी योग्य मार्गदर्शन केले.’ पेन्सिलीचा राग आला, खरं सांगते. पण घरी जाऊन वाक्य पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं की यातलं एकही अक्षर न बदलता हे पॅकिंगवाल्याच्या, स्टोअरवाल्याच्या, अगदी गेटवरच्या वॉचमनच्या फॉर्मवरही चिकटवता येईल. टॉवेलचं त्यात नावसुद्धा नव्हतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. आकडा पाहिजे ना, घ्या आकडा. वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे एप्रिल ते जून, आमचा सेकंड माल, म्हणजे दोष निघाल्यानं कमी भावात जाणारा, 6.8 टक्के निघत होता. जानेवारी ते मार्चमध्ये तो 4.1 टक्क्यांवर आला. हे आकडे महिन्याच्या मीटिंगमध्ये फळ्यावरच असतात, शोधावे लागले नाहीत. मी ठसक्यात लिहिलं, ‘माझ्यामुळे सेकंडचे प्रमाण 6.8 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर आले.’

हा कागद टेबलावर तसाच पडलेला आमच्या विव्हिंग मास्तरांनी पाहिला. मास्तर पद्मशाली, घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि लूमपुढे उभं राहून त्यांना तीस वर्षं झालेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि म्हणाले, “काय ओ मॅडम, मग आमी काय वर्षभर बसून होतो काय?”

मी हसून वेळ मारून नेली, पण बोलणं लागलं. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या शेडमध्ये आठ नवीन लूम बसले होते. टॉवेलावरच्या लूपा ओढल्या जाणं, पिक म्हणजे आडवा धागा सुटणं असले विणकामातले दोष त्यानंतर कमी झाले, हे चेकिंग टेबलावर बसून मीच रोज बघत होते. तरी लिहिताना सगळी घट मी माझ्या खात्यात ओढली होती. पहिल्या वाक्यात मी कुठेच नव्हते आणि दुसऱ्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. बरं, दोन्ही लिहिताना मी खोटं बोलतेय असं मला वाटलं नव्हतं.

त्या रविवारी मी कामावरून चेकिंगची रजिस्टरं घरी आणली. आमच्याकडे रोज संध्याकाळी लिहिलं जातं की किती पीस तपासले, किती फ्रेश, किती सेकंड, आणि सेकंड कशामुळे. हे ‘कशामुळे’चे रकाने कुणी वर्षभरात पुन्हा उघडून बघत नाही. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. नवऱ्यानं विचारलं, “ऑडिट आहे का?” म्हटलं, “माझंच.”

बेरजा झाल्यावर चित्र वेगळं दिसलं. 2.7 टक्क्यांच्या घटीतला 1 टक्का विणकामाचा होता, म्हणजे मास्तरांचा आणि नव्या लूमचा. 0.4 टक्के तेलाच्या डागांचा होता. ते मेंटेनन्सवाल्यांचं काम, शिवाय नवी यंत्रं तेल कमी गाळतात. उरलेला 1.3 टक्का कटिंग-हेमिंगचा होता. तिथे मात्र मी खरोखर काहीतरी केलं होतं. गंमत म्हणजे तेच मी फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं, कारण ते मला ‘कामगिरी’ वाटलंच नव्हतं.

काय केलं होतं ते सांगते. टॉवेलचा तागा धुऊन, रंगवून आला की आधी लांबीत कापतात, कडा शिवतात, मग आडवा कापून पीस सुटे करतात आणि त्या आडव्या कडा दुमडून शिवतात. दोन टॉवेलांच्या मध्ये लूपा नसलेली साधी पट्टी असते, कात्री तिच्यावरूनच गेली पाहिजे. कात्री तिरकी झाली की एका पीसची कड लूपांमध्ये घुसते. मग दुमड जाड होते, शिलाई सुटते, आणि सरळ करायला जावं तर पीस मापात आखूड येतो. नुसती शिलाई सुटली असेल तर उसवून परत शिवता येते, तो पीस सेकंडमध्ये जात नाही. आखूड झालेल्याला मात्र इलाज नाही.

जूनमध्ये असे आखूड पीस फार यायला लागले. आम्ही शेवटी तपासतो, म्हणजे दोष सापडेपर्यंत शिवणारीनं आणखी दोनशे पीस त्याच चुकीनं शिवलेले असतात. मी प्रत्येक ट्रॉलीच्या कार्डावरची शिफ्ट लिहून ठेवायला सुरुवात केली. आठ दिवसांत दिसलं की आखूड पीस बहुतेक दुसऱ्या शिफ्टचे आहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस रात्री नऊपर्यंत थांबले. कटिंग टेबलावरची ट्यूब टेबलाच्या मागे होती. अंधार पडला की कापणाऱ्या अक्कांच्या हाताची सावली नेमकी त्या साध्या पट्टीवर पडायची, आणि पांढऱ्या टॉवेलवर पांढरी पट्टी तशीही डोळ्यांना सापडत नाही. अक्काच म्हणाल्या, “दिवा पुढं आणा की, मागनं काय दिसतंय?” मी इलेक्ट्रिशियनच्या मागे लागून ट्यूब पुढे घेतली आणि हेमिंगच्या प्रत्येक मशीनवर तासाला दहा पीस पट्टीनं मोजायला सुरुवात केली. बस, एवढंच.

हे फॉर्मवर आणताना खरी मारामारी झाली ती क्रियापदांशी.

आमचे भाऊजी सरकारी कचेरीत आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, “वहिनी, त्यात काय, ‘उपाययोजना करण्यात आली’ असं लिहून टाका.” सरकारी कागदावर ते शोभत असेल, पण ‘करण्यात आली’ म्हटलं की करणारा माणूस वाक्यातून गायब. साहेबांना तर तेच पाहायचं असतं, कुणी केलं. ‘आम्ही केले’ लिहिलं तर कोण आम्ही? ‘मी घडवून आणले’ लिहिलं की अक्का आणि इलेक्ट्रिशियन दोघंही पुसले गेले. शेवटी मी प्रत्येक कामापुढे स्वतःलाच विचारलं की यात माझा हात नेमका कुठवर होता. मी सुरू केलं, की मी सुचवलं, की दुसऱ्यानं सुचवलेलं मी तडीस नेलं, की नुसती मदत केली? मराठीत या चारही गोष्टींना वेगळे शब्द आहेत, मी उगाच सगळ्यांना एकच ‘केले’ लावत होते. दिव्याची कल्पना अक्कांची, पाठपुरावा माझा. तासाची तपासणी मी सुरू केली. विणकामातल्या सुधारणेत मी मास्तरांना रोजच्या दोषांची यादी देत होते, म्हणजे मदत.

हे ठरल्यावर वाक्यं आपोआप शांत झाली. आता फॉर्मवर होतं ते असं:

‘वर्षभरात सेकंडचे प्रमाण 6.8 वरून 4.1 टक्क्यांवर आले. या घटीपैकी 1 टक्का विणकामातील दोष कमी झाल्याने आहे (ऑक्टोबरमधील नवीन लूम), 0.4 टक्के डाग कमी झाल्याने. उरलेला 1.3 टक्का कटिंग-हेमिंगमधील आहे. त्यासाठी शिफ्टनुसार नोंद करून कारण शोधले, कटिंगवरील कामगार महिलेने सुचवल्याप्रमाणे दिव्याची जागा बदलून घेतली आणि जुलैपासून हेमिंगवर तासाला दहा पीस मोजणे सुरू केले. जानेवारी ते मार्चमध्ये 1,26,000 पीस तपासले. जुन्या प्रमाणाने कटिंग-हेमिंगमुळे 2,772 पीस सेकंडमध्ये गेले असते, प्रत्यक्षात 1,134 गेले. नोंद: चेकिंग रजिस्टर.’

‘मी’ हा शब्द एकदाही नाही, हे नंतर लक्षात आलं. मराठीत क्रियापदानंच काम भागतं आणि कुणी केलं ते फॉर्मवरच्या नावावरून कळतंच. ओळीओळीला ‘मी, मी’ आलं असतं तर माझ्याच कानाला ते टिमकीसारखं वाजलं असतं.

इथे एक मोह टाळला तो सांगते. अकाउंट्सच्या मुलानं उत्साहानं फ्रेश आणि सेकंडच्या दरातला सरासरी फरक काढून दिला आणि म्हणाला, “मॅडम, हे वाचलेल्या पीसना गुणा, पन्नास-साठ हजार रुपये दिसतील, साहेब खूश.” गुणले, लिहिलेसुद्धा, आणि मग खोडले. बाथ टॉवेल आणि नॅपकिनच्या दरात जमीन-अस्मानाचा फरक आणि सेकंडचा भाव तर व्यापाऱ्यागणिक बदलतो. साहेबांनी ‘हा फरक कुठल्या साइजचा?’ एवढं विचारलं असतं तरी मला उत्तर नव्हतं, आणि तो एक आकडा डळमळला असता की बाकीच्या खऱ्या आकड्यांकडेही त्यांनी संशयानंच बघितलं असतं. पिसांची संख्या माझ्या रजिस्टरमध्ये आहे, रुपयांची नाही.

‘टीमला योग्य मार्गदर्शन’ या वाक्याचं काय झालं? ते निघालं. त्याच्या जागी, दोन नवीन चेकर मुलींनी पास केलेल्या मालातले पन्नास पीस मी दर शनिवारी पुन्हा तपासत होते, पहिल्या महिन्यात त्यात सहा-सात दोष सुटलेले सापडायचे, तिसऱ्या महिन्यात एखाददुसरा, एवढं आलं. ‘प्रामाणिकपणे’ आणि ‘जबाबदारीने’ही गेले. ते दुसऱ्यानं म्हणायचे शब्द आहेत.

मग उरला नोव्हेंबर. तो लिहायचा की नाही यावर माझे दोन दिवस गेले.

माल निर्यातीला जाण्याआधी बायरचा इन्स्पेक्टर येतो. 4,800 पिसांचा लॉट असेल तर तो त्यातले 200 उचलतो. मोठ्या दोषांसाठी आमची मर्यादा एक्यूएल 2.5 ची, म्हणजे त्या 200 मध्ये दहापर्यंत दोषी पीस चालतात, अकरावा सापडला की लॉट नापास. नोव्हेंबरमध्ये तेरा सापडले. बहुतेक रंगछटेचे होते, एकाच सेटमधले दोन टॉवेल शेजारी ठेवले की निळ्यातला फरक दिसायचा. दोन वेगवेगळ्या डाय लॉटचे, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत रंगवलेले, पीस फोल्डिंगच्या टेबलावर एकत्र झाले होते आणि माझ्या मुली सुटा सुटा पीस बघत असल्यानं त्यांना फरक दिसला नाही. सगळे 4,800 पीस उघडून परत जुळवले, दोन दिवस गेले, कंटेनर उशिरा निघाला.

फॉर्ममध्ये ‘सुधारणेची गरज’ असा एक चौकोन असतो. दहा वर्षं मी त्यात ‘संगणक ज्ञान वाढवणे’ लिहीत आले आहे. (कारखान्यातल्या निम्म्या लोकांचं तेच असतं, एकमेकांचं बघूनच.) या वर्षी तिथे नोव्हेंबर लिहिला. पण तोही पहिल्यांदा चुकीचाच लिहिला. ‘डाइंग विभागाने लॉट वेगळे न दिल्याने’ अशी सुरुवात झाली होती. वर मास्तरांना त्यांचं श्रेय दिलं आणि खाली डाइंगवाल्यांच्या गळ्यात धोंडा, हे काही जमेना. डाइंगनं लॉट वेगळेच दिले होते, ते मिसळले माझ्या हद्दीत. मग लिहिलं: ‘वर्षातील 14 अंतिम तपासण्यांपैकी 13 पहिल्याच वेळी पास, नोव्हेंबरमधील एक नापास (मर्यादा 10, सापडले 13). कारण: फोल्डिंगवर दोन डाय लॉट एकत्र झाले आणि चेकिंगमध्ये ते पकडले गेले नाही. त्यानंतर ट्रॉली कार्डावर डाय लॉट क्रमांक लिहिणे सुरू केले आणि सेटमधील पीस शेजारी ठेवून तपासतो. नंतरच्या सहाही तपासण्या पास.’

‘पकडले गेले नाही’ हे शब्द अजूनही मला खुपतात. मघाशी ‘करण्यात आली’ला नावं ठेवली आणि अंगाशी आल्यावर मीच कर्ता लपवला. फॉर्म देऊन झाल्यावर हे ध्यानात आलं.

देण्याआधी एक केलं. मास्तरांना चहाच्या वेळी गाठलं आणि सेकंडचा तो सगळा परिच्छेद त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचला. घशाला कोरड पडली होती. ज्याच्या कामाचा उल्लेख आहे त्याच्यासमोर वाचताना आपला आवाज आपोआप कुठे खाली जातो ते कळतं. माझा ‘कारण शोधले’पाशी गेला नाही, पण मसुद्यात तेव्हा ‘विणकाम विभागाशी समन्वय साधून दोष कमी केले’ असं एक वाक्य होतं, तिथे गेला. मास्तर काही बोलले नाहीत, नुसते बशीतला चहा फुंकत राहिले. ते वाक्य काढलं.

चर्चेला साहेबांनी फॉर्म वाचला आणि थेट मुद्द्यावर आले. “डिसेंबरमध्ये हेमिंगच्या मशीनला नवीन फोल्डर बसवले होते. दुमड त्यामुळे सरळ यायला लागली असेल. मग हा 1.3 टक्का तुमचा कशावरून?”

फोल्डरचं मी साफ विसरले होते. वर्षाची सुरुवात आणि वर्षाचा शेवट एवढंच शेजारी ठेवलं की मधे जे जे घडलं ते सगळं त्या घटीवर हक्क सांगू शकतं. पण महिन्यामहिन्याचा कागद पिशवीत होता. कटिंग-हेमिंगचे सेकंड जूनमध्ये 2.3 टक्के, जुलैत 1.9, ऑगस्टमध्ये 1.2, सप्टेंबरमध्ये 1.1. डिसेंबरमध्ये, फोल्डर बसले त्या महिन्यात, 1.0 आणि मार्चपर्यंत 0.9. म्हणजे मोठी उतरण दिवा हलवला आणि मोजणी सुरू झाली त्याच सुमाराची होती, फोल्डरनं त्यावर थोडी भर घातली असेल. मी तसंच म्हटलं, “थोडं फोल्डरचं आहे साहेब, ते लिहायचं राहिलं.” त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि मी तिथेच पेनानं ओळ वाढवली: ‘यात डिसेंबरमधील नवीन फोल्डरचाही वाटा आहे.’

मग त्यांनी विचारलं की दिवा फक्त एकाच टेबलावर हलवला का. म्हटलं, हो, दुसऱ्या शेडमधलं टेबल माझ्याकडे येत नाही. ते कुणाकडे येतं, तिथले आखूड पीस कोण मोजतं, रात्री तिथे कोण असतं, यावरच पुढची वीस मिनिटं गेली. श्रेणी किती मिळाली याची उत्सुकता असेल तर पाचपैकी चार, मागच्या वर्षी तीन होते. पगारवाढ मात्र सगळ्यांची होते तेवढीच झाली, ती स्लॅबवर ठरते.

निघताना फॉर्मवर त्यांचा शेरा बघितला. ‘नोंदी पडताळल्या.’ खाली सही आणि तारीख. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन मला शोधत आला, दुसऱ्या शेडमधली ट्यूब किती फूट पुढे घ्यायची ते विचारायला. मी त्याला अक्कांकडे पाठवलं.